एवढा मोठा ट्रेलर एका पिनवर? फिफ्थ व्हील नक्की पकडतं कसं?

दुर्बीण
ट्रकमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून समोरचं ट्रेलरचं यार्ड दिसतं. पुढचा घोडा, म्हणजे केबिन आणि इंजिनवाला भाग, सुटाच येतो, उलटा सरकत उभ्या ट्रेलरच्या नाकाखाली शिरतो, खट् असा आवाज होतो आणि जोडणी झाली. म्हणजे मला तरी झाली असं वाटतं. पण ड्रायव्हर लगेच निघत नाही. आधी जरासा पुढे ओढून बघतो, मग खाली उतरतो, टॉर्च घेऊन ट्रेलरच्या पोटाखाली वाकतो आणि काहीतरी निरखून बघतो.

थोडं शोधल्यावर एवढं समजलं की घोड्यावरच्या त्या ग्रीस माखलेल्या जाड प्लेटला फिफ्थ व्हील म्हणतात आणि ट्रेलरखालची किंगपिन तिच्यात अडकते. पिनचा फोटो बघितला. मनगटाएवढी जाड! आता माझे प्रश्न. तीस टनांचा ट्रेलर एवढ्याशा पिनला लटकतो का? ती धरून कोण ठेवतं? आणि आवाजही आला, ओढूनही बघितलं, तर मग खाली वाकून आणखी काय बघायचं राहतं?

पोटभर_वाचक
पाचवं चाक म्हणजे स्टेपनी ना? पंक्चर झाल्यावर काढतात ती. एवढ्यासाठी धागा?

दुर्बीण
वाटलंच होतं, पहिला प्रतिसाद हाच येणार.

नटबोल्ट
दुर्बीण, लटकत काहीच नाही. ट्रेलरच्या नाकाखाली एक सपाट पोलादी प्लेट असते, ती घोड्यावरच्या प्लेटवर टेकते. पुढच्या टोकाचं सगळं वजन प्लेटवरून प्लेटवर जातं. बाकीचं वजन ट्रेलरची स्वतःची मागची चाकं घेतात. पिनच्या वाट्याला वजन येतच नाही, फक्त आडवी ओढ येते: पुढे ओढताना आणि ब्रेक मारताना.

ती ओढ किती, हे काढून बघू. ट्रेलर मालासकट ३० टन धरा. सहा टक्के चढ असेल तर चढासाठी ३० चे सहा टक्के, म्हणजे १.८ टन जोर लागतो. टायरच्या घर्षणाचे थोडे धरून दोन टन म्हणा. पिनचा सगळ्यांत बारीक भाग ५०.८ मिमी व्यासाचा आहे, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ साधारण दोन हजार चौरस मिमी. दर चौरस मिमीला एक किलो जोर! फोर्ज केलेल्या मिश्र पोलादाला हे काहीच नाही. अगदी वाईट प्रसंग घ्या. ट्रेलरचे ब्रेक लागतच नाहीत आणि घोडा एकटा जोरात ब्रेक मारतोय, आणि गाडीचा वेग कमी होण्याचं प्रमाण गुरुत्वाच्या ०.६ पट आहे. तेव्हा पिनवर १८ टन येतील, म्हणजे दर चौरस मिमीला नऊ किलो. पिन थोडी वाकायलाही बघते, त्यामुळे खरा ताण याहून जास्त. तरीही तुटण्यापासून पुष्कळ लांब.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लॉक झालं नसेल तर ओढल्यावर सुटेलच. सुटलं नाही म्हणजे लॉक झालं. वाकून बघणं ही सवय आहे, गरज नाही.

रस्ताभर
नटबोल्ट यांचा हिशोब पटला, शेवटचा परिच्छेद नाही. ओढीला टिकलेला आणि तरीही लॉक न झालेला ट्रेलर मी बघितलेला आहे. मी नव्या ड्रायव्हरांना शिकवण्याचं काम करतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता गाडी सोडायची आहे.

कॅराव्हॅनवेडा
अगदी योग्य वेळी धागा आला. माझ्या कॅराव्हॅनच्या बॉल हिचवर नाकाचा भार किती ठेवावा? हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की मागची गाडी शेपूट हलवायला लागते.

नटबोल्ट
कॅराव्हॅनवेडा, ती वेगळी गोष्ट. तुमचा गोळा गाडीच्या मागच्या एक्सलच्याही बराच मागे असतो, म्हणून मागची गाडी डोलली की पुढच्या गाडीचं बूड ढकलते. फिफ्थ व्हील घोड्याच्या मागच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसवलेलं असतं. सामान जरा पुढे सरकवून बघा, आणि वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

सोनचाफा
छान चाललाय धागा. वाचतेय. ट्रेलर वळतो कसा मग? पिन घट्ट धरली तर फिरणार कशी?

मीनाक्षी_वर्कशॉप
सोनचाफा, पिन गोल आहे आणि फिफ्थ व्हीलच्या आतला जबडा तिला भोवतीने धरतो, त्यामुळे पिन जबड्यात फिरू शकते. वळताना ट्रेलरची प्लेट घोड्याच्या प्लेटवर घासत फिरते. म्हणून तिथे एवढं ग्रीस. प्लेट कोरडी पडली की घोडा वळणातून सरळ यायला कुरकुरतो, स्टिअरिंग जड लागतं. काही प्लेटांवर घसरपट्टीसारखे प्लास्टिकचे अस्तर असते, त्यावर ग्रीस लावत नाहीत, पण आतल्या जबड्याला लागतंच.

शिवाय ही प्लेट दोन बाजूंच्या आडव्या खुंट्यांवर पुढेमागे डुलते. घोडा चढावर आणि ट्रेलर अजून सपाटीवर असला तरी प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात. डावी-उजवीकडे मात्र ती जवळजवळ डुलत नाही, त्यामुळे ट्रेलर कलंडायला लागला तर घोडा त्याला काही प्रमाणात धरतो.

जुनापाना
आमच्या वेळी असले टॉर्च वगैरे प्रकार नव्हते. लॉकचं हँडल बाहेर ओढून ठेवायचं, मागे घ्यायचं, पिन आत आली की हँडल आपोआप खट्कन आत जातं. हँडल आत तर लॉक, हँडल बाहेर तर नाही. बाजूला उभं राहून दिसतं. हातपाय काळे करायची गरज काय?

पोटभर_वाचक
काका, आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं दारही असंच म्हणतं, लागलं म्हणून.

रस्ताभर
आलो. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

आधी पिनचा आकार. पिन सरळ दांडा नाही. ट्रेलरच्या प्लेटपासून खाली साधारण ८४ मिमी येते. वर जाड, मधे ५०.८ मिमीची मान, आणि खाली पुन्हा जाड, ७० मिमीच्या जरा वर. जबडा मानेला धरतो. खालचा जाड भाग जबड्याच्या खाली राहिला पाहिजे, म्हणजे ट्रेलर उसळला तरी पिन वर निसटत नाही.

आता जबडा. कंपन्यांप्रमाणे रचना बदलते, पण एक प्रकार असा: हँडल ओढलं की लॉकचा आडवा दांडा बाजूला सरकतो आणि तसाच अडकून राहतो. जबडा मोकळा होतो, त्याचं तोंड मागे उघडं. मागच्या बाजूने प्लेटला इंग्रजी व्हीसारखी खाच असते, ती पिनला बरोबर मधे आणते. पिन आत येऊन जबड्याच्या आतल्या कडेला धडकते, त्या धक्क्याने जबडा फिरून तिच्याभोवती मिटतो आणि स्प्रिंगच्या जोराने दांडा त्याच्या पाठीमागे जाऊन बसतो. दांडा बसला की हँडल आत जातं. दुर्बीण, तुम्हाला ऐकू येतो तो आवाज याचा.

जुनापाना काका, मुद्दा इथेच आहे. हँडल दांड्याला जोडलेलं आहे. दांडा जागेवर बसला, एवढंच ते सांगतं. जबड्यात पिनची मान आहे की नुसती हवा, हे त्याला माहीतच नसतं.

जुनापाना
पण हवेवर जबडा मिटेल कसा? पिन धडकल्याशिवाय मिटत नाही, हे तुम्हीच म्हणालात.

रस्ताभर
धडकायला पिनचा कुठलाही भाग चालतो. आता ती घटना सांगतो.

यार्डात एक ट्रेलर रात्रभर पायांवर, म्हणजे नाकाला आधार देणाऱ्या पुढच्या खांबांवर, उभा होता. त्याला सोडून गेलेल्या घोड्याला मागे हवेचं सस्पेंशन होतं आणि त्या ड्रायव्हरने ते वर उचललेलं असतानाच पाय टेकवून ट्रेलर सोडला. त्यामुळे ट्रेलरचं नाक उंच राहिलं. सकाळी दुसरा घोडा आला, त्याची प्लेट बुटकी. पाऊस पडत होता. ड्रायव्हर नवा नव्हता, पण घाईत होता. उंची न बघता मागे घेतलं.

असं मागे घेतलं की काय होतं? ट्रेलरची प्लेट घोड्याच्या प्लेटला टेकतच नाही. दोघींमध्ये फट राहते. ती जर नव्वद मिमीच्या वर असती तर पिन पूर्ण वरून निघून गेली असती आणि ट्रेलरचं नाक केबिनच्या पाठीला लागलं असतं. तो अपघात लगेच कळतो. इथे फट चार-साडेचार सेंटिमीटरची होती. म्हणजे पिनचा फक्त खालचा जाड भाग जबड्याच्या पातळीपर्यंत पोचला. त्याने जबड्याच्या कडेला धक्का दिला आणि जबडा त्याच्या खालीच मिटला. जाड भाग जबड्यावर बसला आणि मान वर मोकळी राहिली. दांडा बसला, हँडल आत गेलं.

ड्रायव्हरने ओढून बघितलं. पहिल्या गिअरमध्ये, हळू, जसं शिकवतात तसं. ट्रेलर हलला नाही, कारण जाड भागाची कड जबड्याच्या वरच्या कडेत अडकली होती आणि हळू ओढीला तेवढी अडकण पुरली. मग त्याने ब्रेकच्या हवेच्या नळ्या जोडल्या, पाय उचलले आणि निघाला. फाटकाजवळच्या वळणावर घोड्याचं एक मागचं चाक नालीच्या कडेवर चढून उतरलं, ट्रेलरचं नाक उसळलं आणि पिन निघाली. ट्रेलर घोड्याच्या चेसिसवर आदळला. लाल नळी तुटली, त्यामुळे ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागून तो तिथेच थांबला. कोणाला इजा झाली नाही, पण हे मुख्य रस्त्यावर झालं असतं तर?

सोनचाफा
बाप रे.

नटबोल्ट
रस्ताभर, हे मला खरोखर माहीत नव्हतं. ओढ घेताना आपण फक्त आडव्या दिशेची परीक्षा घेतो, आणि पिन निसटते ती उभ्या दिशेने. मुद्दा मान्य. पण मग ओढून बघण्याला अर्थ काय?

रस्ताभर
अर्थ आहेच. जबडा मिटलाच नसेल किंवा दांडा अर्धवट बसला असेल, तर ओढीला ट्रेलर सुटून येतो. असे प्रकारही होतात: ग्रीस घट्ट होऊन दांडा मधेच अडकणं, जबड्यात माती-खडी, थंडीत गोठलेलं वंगण. ओढण्याने ते सापडतात. नाक उंच असताना जोडलेलं तेवढं सापडेलच असं नाही. ते डोळ्यांनीच शोधावं लागतं, आणि दुर्बीण, तुमचा टॉर्चवाला तेच शोधत असतो.

तो दोन गोष्टी बघतो. एक, बाजूने: दोन प्लेटांमध्ये फट आहे का. असता कामा नये. पलीकडचा उजेड आरपार दिसला तर काहीतरी चुकलंय. दुसरी, मागून वाकून टॉर्चने: जबडा पिनच्या मानेभोवती मिटलाय का, आणि पिनचा जाड भाग जबड्याच्या खाली दिसतोय का.

त्या सकाळच्या गाडीची प्लेट नंतर आम्ही नीट बघितली. ग्रीस जसंच्या तसं होतं. व्यवस्थित जोडणी झाली की ट्रेलरची प्लेट मागून पुढे घासत येते आणि ग्रीस पुसून, दाबून नेते. इथे मधल्या भागात आदल्या दिवशी लावलेले ग्रीसचे वळ उभे होते. आणि जबड्याच्या वरच्या बाजूला ताजी चकचकीत खरवड. जबड्याच्या वर पोलाद घासायला तिथे काहीच कारण नसतं.

जुनापाना
फट बघण्याबद्दल एक शंका. पाय टेकलेले असताना थोडी फट राहणारच की. पाय ट्रेलरचं वजन धरून असतात. पाय उचलल्यावर बघायला हवं.

रस्ताभर
काका, म्हणूनच तर ट्रेलरचं नाक आधी घोड्याच्या प्लेटपेक्षा जरा खाली लागतं. समपातळीत किंवा फार तर पाच सेंटिमीटर खाली, असं बनवणारे सांगतात. मग घोडा मागे शिरताना त्याची उतरती मागची कड ट्रेलरला उचलते, वजन पायांवरून प्लेटवर येतं आणि प्लेटा जोडणीच्या क्षणीच टेकतात. पाय न उचलता फट दिसली तर ट्रेलर उंच होता, हे तिथेच सिद्ध झालं. पाय उचलून मग फट शोधायची म्हणजे जो आधार ट्रेलरला पडण्यापासून वाचवतोय तोच आधी काढायचा.

खूप खाली असला तरी वाईट. मग घोडा नाकाला वर न उचलता ढकलतो, पाय वाकतात, किंवा ट्रेलर मागे सरकतो.

जुनापाना
पाय मातीत रुतले असतील तर? आमच्याकडे पावसाळ्यात हमखास. ट्रेलर रात्रीतून बसतो.

रस्ताभर
तेव्हा नाक खाली जातं, वर नाही. उचलायला त्रास होतो, पण खोटी जोडणी होण्याचा धोका उलट कमी. उंच राहण्याची कारणं वेगळी: दुसऱ्या घोड्याची उंची, उचललेलं सस्पेंशन, किंवा रिकामा ट्रेलर सोडून मग भरला की मागच्या स्प्रिंगा दबून नाक वर येतं. म्हणून मागे घेताना ट्रेलरला लागण्याच्या आधी थांबायचं, उतरायचं आणि उंची बघायची. यात दोन मिनिटंही जात नाहीत.

पोटभर_वाचक
दोन मिनिटंही न लागणारी कामंच आपल्याकडे सगळ्यांत आधी वगळली जातात. माझा अनुभव गॅसच्या शेगडीचा आहे, पण तो वेगळ्या धाग्यात.

गिअरपेटी
मी हल्लीच लायसन्स काढलं. शिकवणाऱ्यांचं एकमत नाही, म्हणून विचारतो. एक म्हणतात हवेच्या नळ्या आधी जोडा, मग मागे घ्या. दुसरे म्हणतात आधी मागे घ्या, लॉक करा, ओढून बघा, मग नळ्या. बरोबर काय?

रस्ताभर
आधी मागे घ्यायचं. ट्रेलरचे पार्किंग ब्रेक लागलेले आहेत ना बघायचं, जोडायचं, ओढायचं, खाली बघायचं, मग घोड्याचा हँडब्रेक ओढून नळ्या जोडायच्या. हँडब्रेक विसरू नका. लाल नळी जोडली की ट्रेलरच्या टाकीत हवा भरते आणि ट्रेलरचं पार्किंग बटण ओढलेलं नसेल तर त्याचे ब्रेक सुटतात. उतार असेल तर सगळी गाडी तुमच्यासमोर चालायला लागते. अशात केबिनकडे धावणारे चाकाखाली गेले आहेत.

हायवेवाला
असहमत. मी अमेरिकेत ट्रक चालवतो. इथल्या लायसन्सच्या परीक्षेत क्रम उलटा आहे. ट्रेलरच्या जवळ थांबायचं, उंची बघायची, नळ्या जोडायच्या, टाकीत हवा भरायची, मग केबिनमधून ट्रेलरचे ब्रेक लावायचे आणि तेव्हाच मागे शिरायचं. कारण उघड आहे: ट्रेलरचे ब्रेक खरोखर लागतात, हे तुम्ही धडकण्याआधी बघून घेता. नाहीतर रिकामा ट्रेलर मागे सरकत जातो आणि पिन लॉकपर्यंत पोचतच नाही.

रस्ताभर
तुमच्याकडच्या ट्रेलरांना मागे वेगळी पार्किंग बटणं नसतात, केबिनमधल्या लाल बटणावर सगळं असतं. त्यात तो क्रम बसतो. पण दोन गाड्यांच्या मधे उभं राहून, अजून न जोडलेल्या ट्रेलरला नळ्या लावणं मला पसंत नाही.

हायवेवाला
आणि मला, हवा नसलेल्या ट्रेलरखाली शिरणं. चला, दोघंही जिवंत आहोत.

गिअरपेटी
म्हणजे जिथे परीक्षा तिथला क्रम. समजलं!

मीनाक्षी_वर्कशॉप
वर्कशॉपच्या बाजूने एक भर घालते, कारण इथे सगळे नीट लॉक झालं की नाही यावर बोलताहेत. नीट लॉक झालेली जोडणीही झिजते.

ड्रायव्हरची तक्रार येते: गिअर बदलताना, ब्रेक सोडताना मागून ठक्क असा झटका बसतो. पिन आणि जबडा यांच्यात मोकळीक पडली की असं होतं. बहुतेक जबड्यांना ती कमी करायला एक समायोजनाचा बोल्ट असतो. मग काय होतं, मेकॅनिक समोर उभ्या असलेल्या ट्रेलरच्या पिनवरच जबडा घट्ट करून देतो. झटका गेला, ड्रायव्हर खूश. दोन दिवसांनी तोच घोडा दुसऱ्या ट्रेलरला जोडायला गेला, तर दांडा बसेना, हँडल अर्धं बाहेर. का? पहिल्या ट्रेलरची पिन झिजून बारीक झाली होती आणि जबडा त्या बारकीच्या मापाचा झाला. नव्या पिनेच्या पूर्ण ५०.८ मिमी मानेवर तो मिटेल कसा?

म्हणून आमच्याकडे नियम आहे: आधी पिन मोजायची. मान ४९ मिमीपर्यंत आली की पिन बदलायची, आणि वरचा ७३ मिमीचा जाड भाग ७१ वर आला तरी. झीज गोल होत नाही, पुढच्या-मागच्या बाजूने जास्त होते, त्यामुळे एकाच दिशेने मोजून चालत नाही. गेज फिरवून बघायचं. पिन मापात असेल तरच जबड्याला हात लावायचा, आणि तोही नव्या मापाच्या पिनवर बसवून.

नटबोल्ट
५०.८ वरून ४९, म्हणजे दोन मिमीही नाही. मजबुतीच्या हिशोबात एवढ्याने काहीच फरक पडत नाही, क्षेत्रफळ सात टक्के कमी होतं फक्त. मग मर्यादा एवढी कडक का?

मीनाक्षी_वर्कशॉप
मोकळीक वाढली की पिन जबड्यात नुसती टेकलेली राहत नाही, ठोकत राहते. प्रत्येक ब्रेकला एक हातोडा. तुम्ही मांडलेला हिशोब शांत ओढीचा आहे. हातोड्याने जबडा, दांडा, त्याची खुंटी, सगळंच झिजायला लागतं आणि मग दांडा पूर्ण बसायची खात्री राहत नाही. पिन तुटेल म्हणून नाही, लॉक ढिलं होईल म्हणून ती मर्यादा.

नटबोल्ट
पटलं. धक्क्याचा भार मी धरलाच नव्हता.

गिअरपेटी
सोडताना कधीकधी हँडल ओढलंच जात नाही. दोन हातांनी लोंबकळलो तरी नाही. काय करावं?

हायवेवाला
घोडा पुढच्या दिशेने ताणात उभा असेल तर पिन जबड्याला दाबून धरते आणि जबडा दांड्याला. हलकेच मागे घ्या, तितकाच दाब सुटेल एवढं, पार्किंग ब्रेक लावा आणि मग ओढा. हातोडा मारू नका. आणि ओढण्याआधी पाय जमिनीला टेकलेत ना, ते बघा. एकाने पाय न टेकवता हँडल ओढून घोडा पुढे काढलेला मी बघितलाय. नाक जमिनीवर.

जुनापाना
हे मात्र आमच्या वेळीही व्हायचं.

गिअरपेटी
नवीन गाड्यांमध्ये डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागतो म्हणे, लॉक झालं की. मग वाकायची गरज संपली?

रस्ताभर
दिवा कशाला जोडलाय त्यावर आहे. काहींत फक्त दांड्याला सेन्सर असतो, म्हणजे हँडलच्या पुढे एक पाऊलही नाही. काहींत तीन असतात: दांडा बसला का, पिन आत आहे का, आणि ट्रेलरची प्लेट टेकली का. तिसरा असेल तर उंच ट्रेलर पकडला जाईल. पण ज्या गाडीत बसलाय तिच्यात कोणते आहेत, हे किती ड्रायव्हरना माहीत असतं? मी तरी शिकणाऱ्यांना दिव्यावर सोडत नाही.

हायवेवाला
आमच्या कंपनीने सेन्सर बसवल्यापासून तरुण पोरं उतरतच नाहीत. मला अजून ठरवता आलेलं नाही की त्याने धोका कमी झाला की वाढला. सेन्सरवर ग्रीस आणि चिखल बसून खोटी सूचनाही येते, आणि एकदा खोटी आली की पुढची खरीही दुर्लक्षली जाते.

दुर्बीण
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मला समजलं ते बरोबर आहे का बघा: वजन प्लेट घेते, ओढ पिनची मान घेते, आणि मान जबड्यातच आहे ना हे हँडल सांगू शकत नाही, म्हणून टॉर्च.

आज मुद्दाम खिडकीत उभी राहिले. एका ड्रायव्हरने मागे घेण्याआधी उतरून ट्रेलरच्या बाजूचं पायांचं हँडल फिरवलं आणि नाक जरा खाली घेतलं. आता कळतंय तो काय करत होता. पण त्याने मग ओढून बघितलं, बाजूने फट बघितली आणि निघून गेला, मागून वाकून बघितलंच नाही. हे चालतं का?

रस्ताभर
बरोबर समजलात. त्याने नाक आधी खाली घेतलं, म्हणजे उंच जोडणीचं मूळ कारण काढून टाकलं, आणि फटही बघितली. धोका बराच कमी झाला. पण फट नसतानाही दांडा अर्धवट बसलेला असू शकतो, विशेषतः झिजलेल्या जबड्यात, आणि ते मागूनच दिसतं. माझ्या हाताखालचा असता तर परत पाठवला असता.

जुनापाना
मी सोडला असता.

मीनाक्षी_वर्कशॉप
काका, तुम्ही सोडलेलेच आमच्या वर्कशॉपला येतात.